प्रोजेक्ट, प्रोग्रॅम आणि पोर्टफोलिओ: एका घर-बदलाच्या हिशोबात

"मॅडम, मी मॅनेजमेंटच्या पहिल्या सेमिस्टरला आहे. सरांनी तीन व्याख्या लिहून दिल्या, पाठ पण झाल्या, पण मला तिन्ही एकच वाटतात. प्रोग्रॅम म्हणजे मोठा प्रोजेक्ट आणि पोर्टफोलिओ म्हणजे त्याहून मोठा, एवढंच आहे का? आणि पुढे जॉब बघताना यातलं काय धरायचं?"

नाही, एवढंच नाहीये, आणि बरं झालं आत्ताच विचारलंस, कारण "लहान, मोठा, त्याहून मोठा" हे डोक्यात एकदा बसलं की नोकरी लागल्यावरसुद्धा निघत नाही, मी बघितलंय. साइज बाजूला ठेव. एखादा प्रोजेक्ट कित्येक वर्षं चालतो आणि त्यात हजारो माणसं असतात, तरी तो प्रोजेक्टच राहतो. फरक आहे तो प्रश्नाचा, म्हणजे त्या खुर्चीत बसलेला माणूस रोज सकाळी स्वतःला काय विचारतो त्याचा. आपण एकच उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू.

समज एक कुटुंब घर बदलतंय. जुनं घर महिन्याच्या 30 तारखेला रिकामं करून चावी परत द्यायचीय. नव्या घरात चार कामं आहेत. वायरिंग 1 ते 6 तारीख, रंगकाम 7 ते 16, भिंतीतली कपाटं 17 ते 22, आणि 25 तारखेला ट्रक बोलावून सामान हलवायचं. यातलं प्रत्येक काम म्हणजे एक प्रोजेक्ट. रंगकामच बघ ना, त्याला सुरुवात आहे, शेवट आहे, पाच खोल्या, खोलीला दोन दिवस, दहा दिवसांनी हातात काय मिळणार ते ठरलेलं आहे आणि काम झालं की टीम घरी जाते. तुमच्या पुस्तकात प्रोजेक्टच्या व्याख्येत "तात्पुरता" आणि "एकमेव" असे दोन शब्द असतात ना, ते हेच. रंगकाम बघणाऱ्याचा प्रश्न एवढाच असतो की ठरलेलं काम ठरलेल्या तारखेत, ठरलेल्या पैशात आणि नीट होतंय का.

आता गडबड कुठे होते बघ. 5 तारखेला वायरिंगवाल्याच्या लक्षात आलं की एका खोलीतली जुनी वायर पूर्ण बदलावी लागणार, नवीन वायर 8 तारखेला मिळणार, म्हणजे त्याचं काम 6 ऐवजी 10 तारखेला संपणार. ही गोष्ट रंगवाल्याला कुणी सांगितलीच नाही. त्याच्या यादीत तीच खोली पहिली होती, तो 7 तारखेला आला आणि 8 तारखेच्या संध्याकाळी खोली मस्त रंगवून मोकळा झाला. 9 तारखेला वायरिंगवाला आला आणि त्याच ताज्या भिंतीत छतापासून स्विचबोर्डपर्यंत खाच पाडली, सगळा भुगा खाली, खिडकीच्या काचेवर धूळ, रंग त्या खाचेच्या दोन्ही बाजूंनी पोपडे येऊन सुटलेला. आता खाच बुजवा, परत पुट्टी, ती वाळायची वाट बघा, परत रंग. आणि गंमत नाही सांगत, खरंच विचार कर, यात चूक कोणाची? रंगवाला म्हणणार माझी खोली तारखेत झाली. वायरिंगवाला म्हणणार उशीर होतोय हे मी 5 तारखेलाच कळवलं होतं. दोघांचे प्रोजेक्ट रिपोर्ट बघितले तर दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि भिंत मात्र फुटलीय.

ही जी दोन प्रोजेक्टच्या मधली जागा आहे ना, जी कुणाच्याच रिपोर्टमध्ये येत नाही, ती बघणं म्हणजे प्रोग्रॅम मॅनेजमेंट.

प्रोग्रॅम बघणारा माणूस 5 तारखेला काय करतो? तो रंगवाल्याला फोन करून सांगतो की बाबा ती खोली शेवटी घे, आधी बाकीच्या चार कर. मग 7 ते 14 मध्ये चार खोल्या होतात, वायरिंग 10 ला संपतंच, 15-16 ला ती पाचवी खोली रंगते आणि रंगकाम मूळ तारखेलाच पूर्ण. कपाटवाल्याला पण सांगायचं की तुझ्या यादीत ती खोली शेवटी टाक, म्हणजे तिथला रंग नीट वाळेल. वायरिंग चार दिवस लेट झालं तरी ट्रकची 25 तारीख जागेवर राहिली, आणि पैसे जादा लागले ते फक्त त्या वायरचे. लक्षात घे, त्याने स्वतः ना ब्रश हातात घेतला ना वायर ओढली, त्याने फक्त क्रम बदलला. पण तो क्रम बदलायचा अधिकार एकट्या रंगवाल्याकडे नव्हता आणि वायरिंगवाल्याकडेही नव्हता, म्हणून ती खुर्ची वेगळी लागते.

दुसरी एक गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात, ती म्हणजे प्रोग्रॅमचं यश कशात मोजायचं. प्रोजेक्ट काहीतरी हातात देतो, रंगवलेली भिंत, बसवलेलं कपाट. प्रोग्रॅमला ते पुरत नाही, त्याला फायदा हवा असतो, जो या सगळ्या वस्तू एकत्र आल्यावरच मिळतो. इथे फायदा म्हणजे ते कुटुंब नव्या घरात नीट राहायला लागलं, पहिल्या रात्री दिवे लागले, दाराचं कुलूप चाललं, मुलं दुसऱ्या दिवशी वेळेत शाळेत पोचली. चारही प्रोजेक्ट पूर्ण झाले आणि तरी लोक अंधारात बसलेत असं होऊ शकतं, कारण वीजजोडणी नावावर करून घ्यायची राहिली आणि ते काम चौघांपैकी कुणाच्याच यादीत नव्हतं. म्हणून प्रोग्रॅम शेवटच्या प्रोजेक्टबरोबर बंद होत नाही. ट्रक गेला, टीम गेल्या, तरी पत्ता बदलणं, जोडण्या, पहिल्या पावसात खिडकीतून पाणी येतंय का ते बघणं, हे सगळं होईपर्यंत प्रोग्रॅमवाला थांबतो.

आता पोर्टफोलिओ. याच्यासाठी त्याच कुटुंबाकडे घर बदलायच्या सहा महिने आधी जाऊ. वर्षाला बाजूला पडणाऱ्या पैशांचे दहा भाग धर. घर बदलायला पाच भाग लागणार, आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन, मुलीच्या कोर्सला तीन, आणि नवीन गाडीला चार. बेरीज केली तर चौदा होतात आणि हातात आहेत दहा. चारही गोष्टी आपापल्या जागी चांगल्या आहेत, एकही फालतू नाही, आणि तरी सगळ्या होणार नाहीत. कुटुंब एकत्र बसून ठरवतं की घर, ऑपरेशन आणि कोर्स यंदा, गाडी थांबेल. हे जे ठरवणं आहे ते पोर्टफोलिओ मॅनेजमेंट. इथला प्रश्न "नीट होतंय का" हा नाहीच, इथला प्रश्न आहे की आपण योग्य गोष्टी करतोय का, आणि आपल्याकडे आहे तेवढ्यात कोणत्या करायच्या. हा शब्द मुळात गुंतवणुकीतून आलाय, हॅरी मार्कोविट्झ या अर्थतज्ज्ञाने 1952 मध्ये जो पेपर लिहिला तो शेअर्सच्या निवडीबद्दल होता, एकेक शेअर सुटा न बघता सगळे मिळून बघायचे असं, आणि तोच विचार पुढे कंपन्यांनी आपल्या कामांना लावला.

फक्त पैसे बघून भागत नाही हेही इथेच कळतं. पैशाचे दहा भाग बरोबर बसले, पण ऑपरेशन आणि सामान हलवणं एकाच आठवड्यात आलं तर? आजोबांच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, त्यांना धुळीपासून जपायचं, आणि घरात धावपळ करणारी मोठी माणसं दोनच. म्हणजे पैसा आहे पण माणसं नाहीत. मग ऑपरेशन दोन महिने आधी घ्यायचं ठरतं. कंपनीत हेच होतं, बजेट मंजूर असतं आणि तोच एक अनुभवी इंजिनियर तीन प्रोजेक्टच्या प्लॅनमध्ये एकाच वेळी दिसतो.

आणि हे वर्षातून एकदा बसून संपत नाही. समज त्या जुन्या वायरमुळे घराला पाचऐवजी सहा भाग लागणार असं निघालं. प्रोग्रॅम बघणारा कोर्सचे पैसे परस्पर उचलू शकत नाही, त्याला परत त्या टेबलवर यावं लागतं आणि तिथे ठरतं की कपाटं साधी करायची, की कोर्सचा दुसरा टप्पा पुढे ढकलायचा, की घर बदलणंच थांबवायचं. थांबवायचं ठरलं तर आत्तापर्यंत किती खर्च झाला हा मुद्दा धरायचा नाही, इथून पुढे अजून किती लागेल आणि त्यातून काय मिळेल एवढंच बघायचं. हे बोलायला सोपं आहे, करायला फार अवघड, मोठ्या मोठ्या कंपन्यांत अर्धवट प्रोजेक्ट केवळ "एवढे पैसे घातलेत" म्हणून ओढत नेतात.

प्रोग्रॅम आणि पोर्टफोलिओ यात अजूनही गोंधळ वाटला तर मी मुलांना एक चाचणी सांगते, त्यातलं एक काम काढून टाक आणि बाकीच्यांचं काय होतं बघ. घर-बदलातून वायरिंग काढलं तर रंग, कपाटं, ट्रक सगळ्यांचा अर्थच जातो, म्हणजे ते एकमेकांवर उभे आहेत, तो प्रोग्रॅम. वर्षाच्या यादीतून गाडी काढली तर ऑपरेशनला आणि कोर्सला काहीच धक्का लागत नाही, उलट त्यांना पैसे सुटतात, म्हणजे ते एकाच डब्यातून खातात एवढाच संबंध, तो पोर्टफोलिओ. आणि हो, अख्खा घर-बदल प्रोग्रॅम हा त्या पोर्टफोलिओतली एक ओळ आहे, हे चित्र परीक्षेत काढलंस तरी चालेल.

आता जॉबचं. फ्रेशरला प्रोग्रॅम किंवा पोर्टफोलिओची खुर्ची कुणी देत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण भिंत का फुटते हे आधी एका प्रोजेक्टमध्ये राहून बघावं लागतं. सुरुवात प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर किंवा पीएमओ, म्हणजे कंपनीतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिसमधल्या ज्युनियर ॲनालिस्ट अशा जागेवरून होते. पीएमओचं ऐकून कंटाळवाणं वाटेल, सगळ्या प्रोजेक्टचे स्टेटस गोळा करायचे वगैरे, पण मला विचारशील तर शिकायला तीच जागा उत्तम, कारण दहा प्रोजेक्ट शेजारी शेजारी तिथेच दिसतात आणि एकाची तारीख हलली की दुसऱ्याचं काय होतं हे तुला आयतं कळतं. सर्टिफिकेट करायचंच असेल तर पीएमआय, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेचं सीएपीएम हे सुरुवातीचं सर्टिफिकेट बघ, त्याला कामाचा अनुभव लागत नाही, फक्त विषयाचं 23 तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. त्यांच्याच पुढच्या पीएमपी सर्टिफिकेटला काही वर्षं प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव मागतात, प्रोग्रॅमसाठी पीजीएमपी आणि पोर्टफोलिओसाठी पीएफएमपी ही त्याच्याही पुढची, त्यांचा विचार आत्ता नको.

एक मात्र कर, जाहिरात वाचताना पदाचं नाव बघून ठरवू नकोस, "प्रोग्रॅम मॅनेजर" लिहून आत निव्वळ एका प्रोजेक्टचं वेळापत्रक सांभाळायचं काम असतं असं खूप ठिकाणी आहे. खालच्या ओळी वाच. तारखा, स्कोप, टीम असे शब्द असतील तर प्रोजेक्ट. वेगवेगळ्या टीममधलं अवलंबन, फायदे मिळाले का ते बघणं असं असेल तर प्रोग्रॅम. प्राधान्य ठरवणं, निधी वाटप, काय थांबवायचं असं असेल तर पोर्टफोलिओ. या आठवड्यात अशा पाच जाहिराती काढ, नावावर कागद ठेव आणि नुसत्या खालच्या ओळींवरून कोणतं काम आहे ते लिही, मग कागद उचलून बघ किती जुळतात, आणि ज्या जुळणार नाहीत त्या मला पाठव.