बेंबीवरचा हिंग

"ताई, माझं बाळ सव्वा महिन्याचं आहे. दिवेलागणीला पाय पोटाशी घेऊन किंचाळून रडतं. सासूबाई बेंबीभोवती हिंगाचा लेप लावतात, मग थोडं शांत होतं. पण हिंग कातडीतून अंगात जाऊन काही अपाय तर होणार नाही ना?"

लेप आजपासून बंद करा. पण आतापर्यंत लावलात म्हणून रात्रीची झोप उडवून घेऊ नका.

मागच्या पावसाळ्यात असंच एक बाळ माझ्याकडे आलं होतं, पाच आठवड्यांचं, आई आणि आजीबरोबर. झबलं वर केलं तर बेंबीभोवती रुपयाएवढा लालसर पट्टा, कडेला बारीक पुरळ. आजी रोज डबीतला हिंग कोमट पाण्यात कालवून जाडसर लावायच्या आणि वर लंगोट घट्ट बांधायच्या. खरी अडचण त्या बांधण्यात होती. बाळाची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असते, शिवाय वजनाच्या मानाने तिचा पसाराही मोठा. ओला लेप कापडाखाली दाबून ठेवला की त्यातलं आत जाण्याचं प्रमाण वाढतं, आणि कातडी सोललेली असेल तर आणखी. बेंबीची नाळ पडून जागा पूर्ण सुकलेली नसेल तर तिथे काहीच लावू नये. बाजारातला बांधणी हिंग म्हणजे निव्वळ हिंगही नसतो, त्यात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ असतं.

मग मी आजींना विचारलं, "बोट कधी जिभेवर लावलंत का?" त्या जरा घुटमळल्या. "एकदा-दोनदा, कणभर."

मला भीती होती ती याचीच. 1984 साली पाच आठवड्यांच्या एका बाळाला पोटदुखीवर हिंगाचं औषध पाजलं गेलं आणि त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटली. तान्ह्या बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून बरंच शिल्लक असतं, आणि हिंगाने ते बिघडतं. मोठ्यांचं तसं बिघडत नाही. म्हणून आपल्याला वरणात चालणारा हिंग त्याला चालत नाही. ओठ, जीभ किंवा नखं निळसर-करडी दिसली, बाळ मलूल पडलं, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठायचा. लेपातून एवढा अपाय होणं अवघड आहे; पण बोटावरचा लेप बाळाच्या मुठीत आणि मुठीतून तोंडात जायला कितीसा वेळ लागतो?

आजींना मी म्हटलं, "आजी, बाळ शांत होत होतं ते तुमच्या ऊबदार हाताने. हात तसाच ठेवा, हिंग काढा." त्यांना ते पटलं. लेपाची जागा कोमट पाण्याने धुऊन कोरडी ठेवली, तीन-चार दिवसांत लाली गेली.

रडण्याचं मूळ मात्र दुधात सापडलं. आईला समोर पाजायला लावलं, तर बाळ नुसतं स्तनाग्र धरून चटक-चटक आवाज करत होतं, म्हणजे दुधाबरोबर हवाही गिळत होतं. बाळाने तोंड मोठं उघडेपर्यंत थांबून, हनुवटी छातीला टेकेल असं जवळ घेतल्यावर तो आवाज थांबला. एक बाजू झाली की खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, पाचेक मिनिटांत आली नाही तर हट्ट धरायचा नाही. पाजल्यावर पाऊण तासाने, बाळ जागं आणि खुशीत असताना, तेलाचा हलका हात पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा: बाळाच्या उजव्या कुशीकडून वर, आडवा, डावीकडे खाली. आतड्यांची वाटही तशीच आहे. मग पाय सायकलसारखे सावकाश हलवायचे. रडताना बाळाला आपल्या हातावर पालथं, पोट तळहातावर येईल असं धरलं तरी बरं वाटतं. झोपवताना मात्र कायम पाठीवरच. गुटी, ग्राइप वॉटर, ओव्याचं पाणी यांतलं काहीही सहा महिन्यांच्या आत नको, आणि मध तर वर्षाच्या आत नकोच.

आठवड्याने आई आली, तेव्हा रडणं अर्ध्यावर आलं होतं, पण थांबलं नव्हतं. तसं थांबतही नाही. हे संध्याकाळचं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि बहुतेक बाळांमध्ये तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. तुमचं बाळ आत्ता ऐन त्या टप्प्यात आहे.

पण हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, ताप, पोट दगडासारखं कडक, जांघेत फुगवटा, दूध न ओढणं किंवा लघवी कमी होणं, यांतलं एकही दिसलं तर तो गुबारा समजू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.