५.७ वरून ६.१: हा चढ खरा का?

वहिनी, तुमचे चारही रिपोर्ट पाहिले. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, २०२१ मध्ये ५.७ टक्के, मग ५.९, ५.८ आणि आता ६.१. शेवटचा आकडा पाहून सराफ्यात रात्री खायला जाणं बंद केलंत, ते बरंच केलंत. पण आकड्यांशेजारची बारीक अक्षरंही वाचा.

पहिले तीन रिपोर्ट राजवाड्याजवळच्या एकाच लॅबचे आहेत, पद्धत एचपीएलसी. चौथा सोसायटीतल्या शिबिराचा, तिथली पद्धत वेगळी. एकाच माणसाचं रक्त लागोपाठ दोनदा तपासलं तरी ०.२ चा फरक पडू शकतो, लॅब बदलली की आणखी. म्हणून ५.७, ५.९, ५.८ ही हालचाल मी धरतच नाही.

उरला ६.१. त्याच पानावर हिमोग्लोबिन ९.८ आहे, आधी १२ च्या आसपास असायचं. लोह कमी पडलं की नव्या तांबड्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जास्त साखर चिकटलेल्या जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं आणि साखर न वाढताही एचबीएवनसी थोडं वर सरकू शकतं. तुमची उपाशीपोटीची साखर तर चारही वेळा ९५ ते ९८ मध्येच आहे. त्यामुळे या ६.१ वर माझा काही भरवसा नाही.

लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन घटण्यामागे लोहाची कमतरताच निघाली, तर हिमोग्लोबिन सुधारल्यावर तीनेक महिन्यांनी जुन्याच लॅबमध्ये एचबीएवनसी आणि उपाशीपोटीची साखर, दोन्ही तपासण्या एकाच दिवशी करा. तेव्हाही एचबीएवनसी सहाच्या वर राहिलं आणि उपाशीपोटीची साखर शंभरीपार गेली, तर मात्र चढ खरा धरा.