प्रोसेस ट्रेसिंग म्हणजे नुसता घटनाक्रम का?

प्रश्न: पॉलिसी रिसर्चच्या एका लेखात 'या केसचं प्रोसेस ट्रेसिंग केलं' असं वाचलं. म्हणजे घटना तारखेवार मांडल्या एवढंच ना? आणि त्यातली हूप टेस्ट, स्मोकिंग गन टेस्ट ही काय भानगड आहे?

तारखा लागतातच, पण तेवढ्यावर भागत नाही. कारणापासून परिणामापर्यंत मधे काय काय घडलेलं असायला हवं ते आधी लिहून काढायचं आणि मग त्या एकाच केसमधे प्रत्येक पायरीची खूण सापडते का बघायचं, शिवाय तीच खूण दुसऱ्या एखाद्या कारणानेही पडली असती का हेही तपासायचं, म्हणून मी याला 'प्रक्रियेचा माग काढणं' म्हणतो.

१८५४ ची लंडनची कॉलऱ्याची साथ घ्या. डॉ. जॉन स्नो यांचं म्हणणं, ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या पाण्यातून रोग पसरतोय, आणि समोर तेव्हाचं प्रचलित मत, की दूषित हवेने पसरतो. पाणी कारण असेल तर पंपाजवळ राहूनही ते पाणी न पिणारे बऱ्यापैकी वाचायलाच हवेत. ही हूप टेस्ट, म्हणजे रिंगणातून जाता आलं नाही तर दावा बाद, गेला तरी नुसता शर्यतीत टिकला. शेजारच्या ब्रुअरीतले कामगार ते पाणी पीत नव्हते आणि त्यांच्यात कॉलऱ्याने कोणी दगावलं नाही, म्हणजे दावा टिकला.

आता स्मोकिंग गन, म्हणजे गुन्ह्याच्या जागी धूर निघत असलेली बंदूक हातात सापडणं. कित्येक मैल लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई, तिला याच पंपाचं पाणी आवडायचं म्हणून मुद्दाम मागवायची, ती कॉलऱ्याने गेली आणि ते पाणी प्यायलेली तिची भाचीही गेली. तिथली हवा वेगळी, त्यामुळे हवेवाल्यांना याचं उत्तर देणं फार अवघड. अशी बाई सापडलीच नसती तरी पाण्याचा दावा बाद झाला नसता, हूपपेक्षा हे नेमकं उलटं.

पण खरी गंमत पॉलिसीच्या दाव्यात आहे. ८ सप्टेंबरला पंपाचं हँडल काढलं 'म्हणून' साथ थांबली असं सर्रास सांगतात. तसं असेल तर उतार त्यानंतर सुरू व्हायला हवा, आणि तो तर आधीच लागला होता, लोक वस्ती सोडून पळाले होते, हे स्नोंनी स्वतः लिहून ठेवलंय. नुसत्या तारखा मांडल्या असत्या तर 'हँडल काढलं, साथ संपली' हे छान जुळलं असतं!

मात्र दावा जरा बदलून, हँडल काढल्याने साथ पुन्हा उसळली नाही असं म्हटलं, तर तो अजून जिवंत आहे. पाद्री हेन्री व्हाइटहेड यांनी पुढे शोधलं की साथ सुरू होताना विहिरीलगतच्या घरातलं बाळ आजारी होतं आणि त्याचं घाण पाणी गळक्या शोषखड्ड्यातून विहिरीत गेलं असावं. त्याच बाळाचा बाप हँडल काढलं त्याच दिवशी आजारी पडला, म्हणजे विहीर पुन्हा दूषित झाली असती तरी ते पाणी कोणाला मिळालं नसतं. फक्त इथे न घडलेल्या गोष्टीची खूण शोधायचीय, त्यामुळे या दाव्याला स्मोकिंग गन मिळणं कठीण.