मन राखणं की वेळ मारून नेणं?

प्रश्न: ‘व्हाइट लाय’ला मराठीत ‘लोणकढी थाप’ म्हटलं तर चालेल का? आमच्या आजीला तिची धाकटी बहीण गेल्याचं घरात कुणीच सांगितलेलं नाही. याला खोटं बोलणं म्हणायचं, की यासाठी काही सौम्य शब्द आहे?

‘लोणकढी’ इथं चालणार नाही. लोणी पांढरं असतं म्हणून हा शब्द सुचत असावा, पण लोणकढं म्हणजे लोणी कढवून काढलेलं ताजं, निर्भेळ तूप. लोणकढी थापही तशीच, जागच्या जागी रचलेली आणि खऱ्याचा थेंब नसलेली. ती मारणारा बहुधा स्वतःची फुशारकी तरी मिरवत असतो, नाहीतर कातडी तरी वाचवत असतो. समोरच्याविषयीची माया त्या शब्दात कुठंच नाही.

मराठीनं खोट्याला रंग दिला नाही, क्रियापदं दिली. पाहुणीनं केलेली भाजी खारट असूनही ‘छान झालीय’ म्हटलं, तर ते मन राखणं. उधारी मागायला आलेल्याला ‘परवा नक्की’ म्हटलं, तर ती वेळ मारून नेणं. दोन्हीकडं बोललेलं खोटंच आहे, पण पहिल्यात मन समोरच्याचं आहे आणि दुसऱ्यात वेळ आपली. मला हा फरक रंगापेक्षा जास्त कामाचा वाटतो. शब्दकोशासाठी नामच हवं असेल तर ‘भिडेचं खोटं’ म्हणा. ‘पांढरं खोटं’ कानाला अजून परकंच लागतं. (आमच्या सोलापुरात पूर्व भागातले तेलुगू शेजारी सरळ खोट्याला ‘अबद्धम’ म्हणतात. संस्कृतात अबद्ध म्हणजे न बांधलेलं, असंबद्ध. तिथंही रंग नाहीच.)

आता तुमच्या आजीचं. त्याआधी आपल्याकडचं सर्वांत रुळलेलं मायेचं खोटं बघू, ते म्हणजे ‘सिरीयस’. माणूस गेलेला असतो, पण परगावच्या नातेवाइकाला फोनवर सांगतात, “अण्णा सिरीयस हाईत, लगेच निघा.” हेतू स्वच्छ असतो. पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर. एवढ्या वाटेत त्यानं गाडी नीट चालवावी, एकट्यानं रडत बसू नये. शिवाय या खोट्याला मुदत असते, दारात पाऊल पडलं की ते संपतं. आणि जाणत्याला ते फसवतही नाही. ‘सिरीयस’ ऐकून तो गप्प होतो आणि विचारतो, “कधी न्यायचं ठरलंय?”

पण आमच्या धाकट्या आत्याला हे सांकेतिक बोलणं कळलं नाही. पुण्याहून येताना वाटेत टेंभुर्णीला थांबून तिनं अण्णांसाठी चार शहाळी घेतली. ती पिशवी हातात धरून ती दारात उभी राहिली. आत अण्णांना अंघोळ घालून ठेवलं होतं. त्या दिवशी कुणीच वेळ मारून नेली नव्हती, सगळ्यांनी तिचं मनच राखलं होतं. तरी वर्षभरानं ती म्हणाली, “थांबले नसते तर अर्धा तास आधी पोचले असते. आणि लेकालाबी बंगळूरहून निघ म्हणाले असते.” खोट्यानं तिचं दुःख कमी केलं नव्हतं. त्या दुःखात काय करायचं हे ठरवायची संधी मात्र काढून घेतली होती.

आपण ‘सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात् न ब्रूयात् सत्यमप्रियम्’ इथवर म्हणून थांबतो आणि अप्रिय सत्य लपवायला शास्त्राचा आधार मिळाला असं समजतो. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातला हा श्लोक पुढच्याच चरणात म्हणतो, ‘प्रियं च नानृतं ब्रूयात्’. म्हणजे गोड आहे म्हणून खोटंही बोलू नये. अप्रिय खरं न बोलण्याची मुभा आहे, गोड खोटं बोलण्याची नाही.

मराठीतही ही रेघ आहे. तुम्ही आजीच्या ‘कानावर घातलं नाही’, इथवर ते खोटं नव्हे. पण आजीनं “तिचा फोन का येईना?” विचारलं आणि कुणी “गावाला गेलीय” म्हणालं, की ती थाप झाली. मग गावाहून परतली का, हा पुढचा प्रश्न आणि त्यावर पुढची थाप. ‘सिरीयस’ला दाराशी मुदत असते, तुमच्या ‘गावाला गेलीय’ला नाही. आजी आजारातून उठेपर्यंत एवढंच ठरलं असेल, तर ते मन राखणं म्हणता येईल. पण ‘सांगायचं कोणी?’ म्हणून दिवस ढकलले जात असतील, तर वेळ मारून नेली जातेय ती घरच्यांची.

परवा आणखी एका नातेवाइकासाठी आत्याला फोन गेला. पलीकडून “सिरीयस” म्हणताच ती म्हणाली, “सिरीयस म्हंजे काय, ते आधी सांग. मग निघते.”