थकलेल्या बिलाच्या आठवणीची भाषा

प्रश्न: धुळ्यातल्या एका फरसाणवाल्या क्लायंटकडे पाकिटांच्या डिझाईनचं बिल अडकलंय, मुदत संपून महिना झाला. फोनवर दोनदा बोललो. आता मेसेज किती गोड, किती कडक लिहावेत? सगळे ओळखीचेच आहेत, संबंध बिघडायला नकोत.

उत्तर: आकडे धरून बोलू, म्हणजे भाषा कुठे वळते ते दिसेल. समजा बिल क्र. २७, तारीख ३ जून, ३० दिवसांची मुदत कोटेशनमध्ये लिहिलेली, म्हणजे ३ जुलै. काम ७२,००० रुपयांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी १२,९६०, एकूण ८४,९६०. क्लायंट ७२,००० वर १० टक्के टीडीएस कापणार असेल तर तुमच्या खात्यात यायचे ७७,७६०. प्रत्येक मेसेजमध्ये हाच शेवटचा आकडा लिहा. ८४,९६० लिहिलेत तर त्यांचा अकाउंटंट "रक्कम जुळत नाही" म्हणून कागद बाजूला ठेवतो आणि पंधरा दिवस फुकट जातात.

पहिला मेसेज मुदतीनंतर तीन दिवसांनी, मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर:

"भाऊ, नमस्कार. चिवड्याच्या पाकिटांचं बिल क्र. २७ ची मुदत ३ जुलैला होती, टीडीएस वजा जाता ७७,७६० रुपये. बिल अकाउंटंटकडे पोहोचलंय ना, की परत पाठवू?"

यात पैसे मागितलेलेच नाहीत, बिल पोहोचलं का एवढंच विचारलंय. सुरुवातीचा उशीर बऱ्याचदा खरोखर बिल न पोहोचल्याने किंवा जीएसटी नंबर चुकल्याने होतो, आणि तसं नसलं तरी समोरच्याला मान राखून "हो, बघतो" म्हणायला जागा मिळते. "त्रास देतोय, माफ करा" मात्र लिहू नका. आपल्याच घामाचे पैसे मागताना माफी मागितली की समोरचा तुमचं बिल आपोआप सगळ्यांच्या शेवटी ठेवतो.

दुसरा मेसेज आठवड्याने, १४ जुलैच्या सुमारास. आता ईमेल, अकाउंटंटला, मालक कॉपीत. विषयाच्या ओळीत बिल क्रमांक, रक्कम आणि मुदत. पुढचं प्रत्येक पत्र याच मेलला उत्तर म्हणून जाऊ द्या, म्हणजे मागचा सगळा इतिहास खाली राहतो. मजकूर दोन ओळींचा: "बिल क्र. २७ चे ७७,७६० रुपये बाकी आहेत. कोणत्या तारखेला जमा होतील ते १७ जुलैपर्यंत कळवा. कामाबद्दल काही हरकत असेल तर तीही लिहून कळवा."

हरकतीची ओळ महत्त्वाची आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात काम मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत नसेल तर ते स्वीकारलं असं धरतात. ऑगस्टमध्ये अचानक "रंग बरोबर नव्हता" निघालं तर ही ओळ आणि त्यापुढची शांतता तुमच्या बाजूने उभी राहते.

खरी कसोटी उत्तर आल्यावर लागते. आपल्याकडे तारीख कुणी देत नाही, सण देतात. "पोळा होऊ द्या", "कापसाचा पैसा फिरू द्या", "आखाजीला बघू". यावर रागावू नका आणि "ठीक आहे" म्हणून गप्पही बसू नका. सणाची तारीख करून परत पाठवा: "चालेल भाऊ. मग निम्मे ३८,८८० रुपये २५ जुलैला आणि उरलेले ५ ऑगस्टला धरतो. बरोबर ना?" त्यांनी "हो" लिहिलं की तो त्यांचा शब्द झाला, आणि पुढच्या पत्रात तुम्हाला आवाज चढवावा लागत नाही, त्यांचा शब्द दाखवला की पुरतं.

२५ जुलै कोरडी गेली तर २८ ला तिसरं पत्र. इथे शब्द बदलतात. आधी "बिल" होतं, मग "बाकी", आता "थकबाकी". "भाऊ" फक्त नमस्कारापुरतं, पुढे सरळ "तुम्ही". "जमलं तर", "शक्य झाल्यास" पूर्ण बंद. "तुम्ही १५ जुलैला लिहिल्याप्रमाणे ३८,८८० रुपये २५ तारखेला यायचे होते, आलेले नाहीत. पूर्ण थकबाकी ५ ऑगस्टपर्यंत जमा करा. तोवर शेव-पापडीच्या नव्या पाकिटाचं काम थांबवत आहे." थांबवायचं ते नवीन काम. दिलेल्या फाइली परत मागणं किंवा छापखान्याला फोन करून छपाई अडवणं म्हणजे त्यांच्या हाती आयती तक्रार देणं.

शेवटची नोटीस ११ ऑगस्टला, लेटरहेडवर, मेलने आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टाने. भाषा इथे उलट थंड होते, एकही विशेषण नको. बिलाचा तपशील, आधीच्या तिन्ही पत्रांच्या तारखा, रक्कम, २१ ऑगस्ट ही अंतिम तारीख, तुमचा उद्यम क्रमांक आणि एकच परिणाम: "२१ ऑगस्टपर्यंत रक्कम न मिळाल्यास सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यातल्या कलम १६ नुसार ४ जुलैपासूनच्या व्याजासह सुविधा परिषदेकडे अर्ज करीन." ही परिषद म्हणजे याच कायद्याखाली थकलेल्या बिलांचे वाद ऐकणारी यंत्रणा. हे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ असतं. रेपो दर वेगळा, तो धरू नका.

परिणाम एकच लिहा, आणि २२ तारखेला खरंच करणार असाल तोच. कुणाच्या सांगण्यावरून "तुमचा खर्च आयकरात नामंजूर होईल" असंही लोक लिहितात. ती तरतूद खरी आहे, पण ती ३१ मार्चला बाकी राहिलेल्या रकमेवर लागते. बिल चुकवलं नाही तर क्लायंटने घेतलेलं जीएसटी क्रेडिट उलटवायची १८० दिवसांची मुदतही या बिलासाठी ३० नोव्हेंबरला भरते. ऑगस्टमध्ये ही भीती घातली तर त्यांचा अकाउंटंट लगेच ओळखतो की यांना कायदा माहीत नाही, आणि तुमची खरी ओळही हलकी पडते. पोलिसात जाईन, व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकीन, हे तर नकोच.

आता संबंधांचं. "लिहून मागितलं की माणूस तुटतो, फोनवरच बोलावं" हे मला साफ नामंजूर आहे. फोनवर आवाज चढतो, शब्द निघून जातात, आणि महिन्याने दोघांना वेगवेगळी तारीख आठवते. माणूस तुटतो तो तिथे. वरच्या चारही पत्रांत अपमान वाटावा असा एक शब्द दाखवा. फोन जरूर करा, पण ठेवल्यावर पाच मिनिटांत "आत्ता बोलल्याप्रमाणे..." असा मेसेज गेलाच पाहिजे. ज्यांना तो मेसेज टोचतो त्यांना तारीखच टोचत असते.

एक राहिलं. परिषदेचा रस्ता सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, उत्पादन किंवा सेवेसाठी. नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानाला नाही. तुमची उद्यम नोंदणी हे काम घेण्याआधीची असेल तर वाद कमी. नोंदणीच नसेल तर नोटिशीत कलम १६ लिहू नका, वकिलामार्फत वसुलीचा दावा एवढंच लिहा. आणि लेखी मुदत ठरली नसेल तर कायद्याने १५ दिवस, ठरली असली तरी जास्तीत जास्त ४५.

तुमचे दोन फोन लेखी नाहीत, म्हणून चौथ्या पत्रावर उडी मारू नका. पण महिना झाल्यावर "बिल पोहोचलं का" विचारणंही शोभणार नाही. उद्या दुसऱ्या पत्रापासून सुरुवात करा, "फोनवर बोलल्याप्रमाणे" लिहून, आणि उत्तराला तीन दिवस द्या.