‘बाकी काय?’ विचारलं की पाय अडकतो

“जिन्यात शेजारचे काका रोज भेटतात. हसून दोन शब्द बोलायचे आणि निघायचं, एवढंच मनात असतं. पण निघायचं कसं तेच कळत नाही. मग ताटकळतो आणि शेवटी ‘उशीर होतोय’ म्हणून झटक्यात सुटतो. नंतर दिवसभर वाटत राहतं, आपण उद्धटपणा केला का?”

हे विचारणारा तिशीतला तरुण होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) भिडस्त स्वभाव वगैरे चर्चेत मी शिरले नाही. त्याला म्हटलं, “पुढचे चार दिवस काकांशी जे बोलाल ते घरी जाऊन जसंच्या तसं लिहून काढा.” अशा तक्रारीत अडचण बहुतेक वेळा एखाद्या वाक्यात असते, आणि बोलणाऱ्याला ते वाक्य ऐकूच येत नसतं.

त्याने आणलेल्या कागदावर ते वाक्य चारही दिवस होतं. काका गुडघेदुखीचं सांगत. हा म्हणे, “जपा.” काका म्हणत, “हो, जपायला हवं. बरं.” मग क्षणभर शांतता. ती शांतता याला सोसत नसे आणि तो विचारी, “आणि बाकी काय?”

झालं! काकांनी “बरं” म्हणून दार उघडून दिलेलं, आणि यानेच ते लावून घेतलेलं. “बाकी काय” हा आपल्याला नुसता पोकळी भरणारा शब्द वाटतो, पण समोरच्याच्या कानावर तो प्रश्न म्हणूनच पडतो आणि प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. काका बिचारे मुलाच्या नोकरीचं काढत, गोष्ट रंगात येई आणि नेमकं तेव्हाच याचं घड्याळाकडे लक्ष जाई. म्हणजे निघण्याची खरी वेळ तो दवडत होता आणि नको त्या वेळी निघत होता. तुटकपणा “येतो” म्हणण्यात नव्हता, समोरच्याचा विषय अर्ध्यात असताना म्हणण्यात होता.

संभाषणाचा अभ्यास करणाऱ्या शेग्लॉफ आणि सॅक्स या समाजशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये हे बारकाईने मांडलं आहे. निरोप एका फटक्यात होत नाही. आधी एकजण “बरं”, “चला मग” असं काहीतरी म्हणतो, त्यात नवा विषय नसतो. दुसऱ्यानेही तसंच “बरं” म्हटलं की दोघांचं एकमत झालं, मग निरोप. दुसऱ्याचं काही सांगायचं राहिलं असेल तर तो ते इथेच काढतो. तेवढं ऐकून घ्यायचं आणि पुन्हा “बरं” म्हणायचं.

आम्ही खोलीतच तालीम केली, मी काका झाले. काकांचा विषय टेकला की त्याच विषयावरचं एक वाक्य: “गुडघ्याला आराम द्या हं.” मग खालच्या सुरात “बरं”, आणि एक श्वासभर गप्प. हा श्वास त्याला सगळ्यात जड गेला, ‘बाकी’चा ‘बा’ दोनदा ओठांवर आला. वळायचं ते स्वतःचं वाक्य बोलताना, काका बोलत असताना नाही. मोबाइल खिशातच.

पहिल्या आठवड्यात गडबड झालीच. उत्साहाच्या भरात त्याने दुसऱ्याच वाक्याला “बरं” म्हणून टाकलं. काका म्हणाले, “घाईत दिसतोस.” असं ऐकू आलं तर समजावं की आपला “बरं” लवकर आला. खरंच वेळ नसेल तर ते सुरुवातीलाच सांगितलेलं बरं: “दोनच मिनिटं आहेत, पण तुम्हाला पाहून थांबलो.” तेच वाक्य शेवटी आलं की सबब वाटते.

एका ठिकाणी मात्र हे सगळं बाजूला ठेवावं. काकांनी सहज आवाजात “उद्या तपासणीचा रिपोर्ट आहे” म्हटलं, तर तिथे “बरं” चालत नाही. थांबता येत नसेल तर तसं सांगावं, “संध्याकाळी येतो, नीट ऐकायचंय,” आणि संध्याकाळी जावं. गेलो नाही तर मात्र तो उद्धटपणाच.

काका रोज थांबवून धरतात, असं त्याने पहिल्या भेटीत तीनदा तरी म्हटलं होतं. मला त्याची शंका होती. 2021 साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी गप्पा मारणाऱ्या जोड्यांना विचारलं, तर दोघांनाही हव्या त्या क्षणी संपलेली संभाषणं जेमतेम 2 टक्के निघाली. समोरच्याला कधी निघायचंय याचा अंदाजही बहुतेकांचा चुकला होता.

तिसऱ्या आठवड्यात तो हसतच आला. त्या दिवशी तो “बरं” म्हणून गप्प राहिला, तर काकांनी लगेच हातातली पिशवी सावरली आणि म्हणाले, “चल, येतो मी. आज तू बाकीचं काही विचारलं नाहीस ते बरं झालं, वर घरी वाट बघतायत.”