बेंच प्रेसची बेरीज घटली, ताकद नाही

प्रश्न: माझ्याकडे जिमच्या लॉगचे स्क्रीनशॉट आहेत. त्यावरून आठवड्याचा एकूण व्हॉल्यूम कसा काढायचा आणि प्रगती होतेय का हे कसं ओळखायचं?

वजन × रेप्स, प्रत्येक सेटचे, आणि मग बेरीज. पण स्क्रीनशॉटच्या वर ॲपने छापलेल्या एकूण किलोंवर विसंबू नका. वॉर्म-अपचे सेट वेगळे नोंदवले नसतील, तर तेही त्यात धरलेले असतात. रिकाम्या 20 किलोच्या बारने 10 रेप्स आणि 40 किलोने 5 रेप्स, एवढ्यानेच 400 किलो वाढतात.

म्हणून आकडे शीटमध्ये स्वतः उतरवा, एका ओळीत एक वर्किंग सेट: A मध्ये तारीख, B मध्ये व्यायाम, C मध्ये वजन, D मध्ये रेप्स. मग

```
=SUMPRODUCT(C2:C4,D2:D4)
```

समजा बेंच प्रेस आठवड्यातून एकदाच होतो. पहिल्या आठवड्यात 60 किलोने 8, 8, 7 रेप्स, म्हणजे 1380 किलो. चौथ्या आठवड्यात 65 किलोने 7, 6, 6, म्हणजे 1235. आलेख बघणारा म्हणेल, घसरण झाली. तसं नाही. वजन वाढलं की रेप्स कमी होणारच, आणि गुणाकारात तेच आधी दिसतं. अशा वेळी सगळ्यात चांगल्या सेटवरून एका रेपचं अंदाजे कमाल वजन काढा. यासाठी एप्लीचं सूत्र पुरेसं आहे:

```
=C2*(1+D2/30)
```

60 किलोच्या 8 रेप्सचे 76 येतात, 65 किलोच्या 7 रेप्सचे सुमारे 80. म्हणजे ताकद वाढली आहे. फक्त दोन्ही सेट सारख्याच जोराने मारलेले हवेत. एकात तीन रेप्स शिल्लक ठेवल्या आणि दुसऱ्यात दम संपेपर्यंत ओढलं, तर ही तुलना फसवी. त्यामुळे शेजारच्या E रकान्यात शिल्लक रेप्स लिहीत जा. स्क्रीनशॉटमध्ये त्या सहसा नसतात. दहाच्या वरच्या रेप्सना हे सूत्र फारसं भरवशाचं नाही.

सगळ्या व्यायामांचे किलो एकत्र करून मिळणारा आकडा मी तरी बघत नाही. लेग प्रेसचे 150 किलोचे 10 रेप्सचे तीन सेट झाले की 4500 किलो होतात, बेंचच्या तिपटीहून जास्त. पायाचा एक दिवस चुकला की सगळा आठवडा वाया गेल्यासारखा दिसतो. किलो त्याच व्यायामाशी ताडा आणि स्नायूंसाठी आठवड्याचे कठीण सेट मोजा. बेंचचे तीन आणि इन्क्लाइन डंबेलचे तीन, म्हणजे छातीचे सहा.

डंबेलचं वजन एका हाताचं लिहिलंय की दोन्हींचं, हे एकदाच ठरवा. मध्येच पद्धत बदलली तर व्हॉल्यूम एका रात्रीत दुप्पट झालेला दिसेल. पुल-अपसमोर वजन 0 असेल तर गुणाकारही 0 येतो, तिथे फक्त रेप्स मोजा. आणि स्क्रीनशॉट खालून कापला गेलाय का ते बघून घ्या, शेवटचा सेट बहुतेक वेळा तिथेच राहतो.